न्हाणी आणि नाली यांच्या मधले दहा फूट

नांदगाव खंडेश्वरातल्या जुन्या घरांच्या सांदवाडीत न्हाणीच्या भिंतीला लागून एखादी केळ हमखास असायची. तिच्या पायाशी धोप्याची रुंद पानं, कडेला कर्दळ. बाग करायची म्हणून कुणी ती लावलेली नसत. अंघोळीचं पाणी मोरीतून बाहेर पडायचं, दहा-एक फूट मातीतून वाहायचं आणि उरलंसुरलं नालीला जाऊन मिळायचं. त्या दहा फुटांत जे उगवायचं त्याच्या वड्या व्हायच्या. पाण्याचा पुनर्वापर हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पाणी नालीत जाण्याआधी वाटेत कुणाला तरी पाजायचं, एवढंच ठाऊक होतं.

नवी घरं आली आणि ते दहा फूट फरशीखाली गेले. संडास-बाथरूम एकत्र झालं, बाथरूमच्या कोपऱ्यातली जाळी फरशीखालून कमोडच्याच चार इंची पाइपाला जोडली गेली आणि अंघोळीचं पाणी मैल्यात मिसळून सेप्टिक टँकमध्ये पडू लागलं. एकदा मिसळलं की ते घरच्या घरी परत वापरता येत नाही. मग तेच घर मे महिन्यात टँकरला पैसे मोजतं आणि टँकरचं पाणी फ्लशच्या टाकीत ओततं.

ही पुस्तिका त्या दहा फुटांविषयी आहे. ती घर बांधणाऱ्यासाठी आहे, गवंड्यासाठी आहे आणि नळाचं काम करणाऱ्या कारागिरासाठी तर आहेच. पुढच्या प्रकरणांत मापं, जोड आणि आकृत्या येतील. त्याआधी हे काम आपल्या गावात, आपल्या मातीत नेमकं कशावर अडतं आणि कशाने सुटतं, ते एका घराच्या आधाराने सांगावं म्हणून ही प्रस्तावना. ते घर माझंच आहे, त्यामुळे त्यातल्या चुकाही माझ्याच आहेत.

आमच्या घरी पाच माणसं. पाइपाला हात लावण्याआधी आम्ही आठवडाभर बादल्या मोजल्या. अंघोळीची बादली १८ लिटरची आणि माणशी दीड बादली, म्हणजे दिवसाला १३५ लिटर. सेमी-ऑटोमॅटिक मशीन एक दिवसाआड लागतं आणि एका वेळी साधारण १२० लिटर पाणी सोडतं, म्हणजे दिवसाचे ६०. दोन्ही मिळून १९५ लिटर. स्वयंपाकघरातून आणखी पन्नास-साठ लिटर बाहेर पडतं. ते आम्ही हिशेबात धरलं नाही आणि तुम्हीही धरू नका. त्यात तेल, तूप, डाळीचं पाणी आणि शितं असतात. हे पाणी काही तासांत आंबतं आणि त्याचा तवंग पाइपाच्या आतल्या बाजूला बसत जातो. ते वेगळंच जाऊ द्यावं.

आता दुसरी बाजू. आमची फ्लशची टाकी दोन बटणांची आहे, मोठं बटण ६ लिटरचं आणि छोटं ३ लिटरचं. माणशी एक मोठा आणि तीन छोटे फ्लश धरले तर १५ लिटर होतात आणि पाच माणसांचे ७५. म्हणजे फ्लशचं सगळं पाणी अंघोळीच्याच पाण्यातून निघतं आणि वर १२० लिटर झाडांसाठी उरतं. शहरी घरासाठी आपल्या देशातलं मानक माणशी रोज १३५ लिटरचं आहे आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले आहेत. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसभरासाठी ५५ लिटर ठरवले आहेत. शहरातला माणूस नुसत्या फ्लशमध्ये घालवतो त्यापेक्षा दहाच लिटर जास्त.

सांडपाण्याचं काय करायचं, असं विचारलं की आपल्याकडे शोषखड्डा हे उत्तर तयार असतं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डासांपासून सुटका करून घेतली. पुढे ती पद्धत राज्यभर गेली. खड्डा साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. पद्धत चांगलीच आहे, पण ती मातीवर अवलंबून आहे. पाणी मुख्यतः खड्ड्याच्या चार भिंतींतून जिरतं आणि चार फुटी खड्ड्याच्या भिंती मिळून जेमतेम सहा चौरस मीटर भरतात. वाळूची माती एका चौरस मीटरमधून दिवसाला ५० लिटर पाणी पिते. आपली फुगणारी काळी माती मात्र १० लिटरदेखील पीत नाही. म्हणजे आपल्या खड्ड्यात रोज ५० ते ५५ लिटर जिरणार आणि स्वयंपाकघर धरून घरातून बाहेर पडणार अडीचशे.

यात फसगत कशी होते ते पाहा. खड्डा खणला जातो उन्हाळ्यात. तेव्हा काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि खड्डा ओतलं ते पाणी गटागटा पितो. घरमालक खूश होतो. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि श्रावणात तोच खड्डा काठोकाठ भरून अंगणात येतो. खाली मुरूम जवळ असेल आणि खड्डा मुरमापर्यंत पोहोचला तर गोष्ट वेगळी. म्हणून खड्ड्याची परीक्षा पावसाळ्यात घ्यावी. तो पाण्याने भरावा, रात्रभर भिजू द्यावा, सकाळी पुन्हा भरावा आणि पाणी तासाला किती बोटं उतरतं ते पाहावं. काळ्या मातीत जिरवण्यापेक्षा वापरण्याकडे वळायचं ते या कारणासाठी. झाड पाणी मुळांनी उचलून पानांनी हवेत सोडतं, त्याला मातीच्या जिरण्याची फारशी वाट पाहावी लागत नाही.

वापराच्या दोन वाटांपैकी बागेची वाट सोपी, म्हणून आधी ती. तिला पंप लागत नाही, टाकी लागत नाही. लागतो फक्त उतार. आमच्या घराचं जोतं दोन फुटांचं. बाथरूमचा पाइप भिंतीबाहेर निघतो तिथे तो अंगणापेक्षा सव्वा ते दीड फूट वर आहे. पाइपाला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार दिला तर बारा मीटरवरच्या झाडापर्यंत २४ सेंटिमीटर खर्च होतात. तेवढी उंची आपल्याकडे होती. ज्यांचं जोतं रस्त्यापेक्षा खाली गेलं आहे त्यांनी आधी लेव्हल पाइपाने ही उंची मोजावी आणि मगच पुढचं बोलावं.

भिंतीबाहेर आम्ही दीड फूट लांब-रुंद विटांचं चेंबर बांधलं. बाथरूमचा ७५ मिलिमीटरचा पाइप त्यात येतो आणि त्यातून दोन पाइप बाहेर जातात. बागेकडे जाणारा चेंबरच्या तळाशी आहे आणि नालीकडे जाणारा त्याहून दोन इंच वर. बागेच्या पाइपाचं बूच काढलेलं असेल तर पाणी आपसूक बागेला जातं. बूच लावलं, किंवा तो पाइप तुंबला, तर पाणी दोन इंच चढतं आणि नालीला लागतं. घरात काही मागे येत नाही. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवून हेच करता येतं, पण ७५ मिलिमीटरचा तसा व्हॉल्व्ह तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही आणि मिळाला तरी साबणाचा साका बसून वर्षभरात घट्ट होतो. बूच बिघडत नाही. चेंबरचा तळ मात्र बागेच्या पाइपाच्याच पातळीत घोटून घ्यावा. गाळ बसावा म्हणून तळ खोल ठेवला तर तिथे पाणी साचतं आणि आठवडाभरात डास होतात. केस आणि कपड्यांचे धागे अडवायला येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीची पिशवी बांधली की पुरे. ती दर चार दिवसांनी झटकायची.

बागेत पाणी सोडायची पद्धतही ठरलेली आहे. ठिबक चालत नाही, त्याची बारीक तोंडं पंधरा दिवसांत बुजतात. पाइपाचं तोंड मातीत पुरायचं नाही, मुळं आत शिरतात. झाडाभोवती रुंद आळं करायचं, त्यात वीतभर पालापाचोळा भरायचा आणि पाइपाचं तोंड पाल्याच्या चार बोटं वर मोकळं ठेवून त्यावर चपटा दगड झाकायचा. पाणी वरून दिसत नाही, साचत नाही आणि साबणाचे कण पाल्यातच कुजतात. आळी किती करायची याचाही हिशेब आहे. मे महिन्यात झाडांनी झाकलेली ओली जमीन एका चौरस मीटरमधून दिवसाला सात-आठ लिटर पाणी उडवते. आमच्या उरलेल्या १२० लिटरला म्हणून पंधरा-सोळा चौरस मीटरची लागवड पुरते, म्हणजे एका मध्यम खोलीएवढी जागा. पावसाळ्यात याच जमिनीला एक थेंबही नको असतो. मृग लागला की बूच लावायचं ते पाऊस परतल्यावर काढायचं.

झाडं निवडताना वऱ्हाडी माणसाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं. धुण्याच्या पावडरीत सोड्याचे क्षार भरपूर असतात, म्हणजे सोडियम. काळ्या मातीची चिकण सोडियमने सुटी होते, तिचे अगदी बारीक कण मोकळे होतात आणि मातीतल्या पोकळ्या बुजवतात. मुळात मंद जिरणारी माती मग जिरवतच नाही. हे डोळ्यांना दिसतं. आळ्याच्या कडेला पांढुरकी भुकटी येते, पाणी तासन्‌तास वर उभं राहतं, वाळल्यावर माती विटेसारखी कडक होते आणि पानांची टोकं करपतात. लिंबू आणि संत्रा हे क्षार मुळीच सोसत नाहीत. संत्र्याच्या जिल्ह्यात राहून हे आम्ही एका लिंबाच्या झाडावर शिकलो. तेव्हापासून धुण्याच्या पाण्याचे आम्ही दोन भाग केले. पावडरीचं पहिलं फेसाळ पाणी नालीला, खंगाळलेलं दुसरं-तिसरं पाणी झाडांना. मशीनच्या पाइपाखाली बूच असलं की हे एका हाताचं काम आहे. बिघडलेल्या आळ्यात जिप्सम मिसळून एक पावसाळा धुऊन जाऊ दिला की माती बरीच सावरते. पण भातकुली-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमीन आणि विहीर दोन्ही आधीच खारी आहेत, तिथे धुण्याचं पाणी मातीला दाखवूच नये. तिथे हे पाणी फ्लशला वापरावं.

याच ओघात एक धोका सांगायला हवा, कारण तो कापसाच्या मुलखातलाच आहे. फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे घरच्याच मशीनमध्ये पडतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या औषधाने माणूस मरतो ते कपड्यातून आळ्यात आणि आळ्यातून भाजीत जाऊ द्यायचं नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे आणि त्या दिवशी बागेचं बूच बंद ठेवायचं. घरात कावीळ, विषमज्वर किंवा हगवण असेल, तान्ह्या बाळाची लंगोटं धुवायची असतील, बाथरूममध्ये अ‍ॅसिड टाकलं असेल, तेव्हाही तेच. आणि एरवीसुद्धा सांबार, मुळा, कांदा असं जे कच्चं खातो ते या पाण्यावर घेऊ नये. अंघोळीच्या पाण्यात अंगावरचे जंतू असतातच. केळ, पपई, कर्दळ, धोपा यांत खाण्याचा भाग एकतर पाण्यापासून दूर असतो किंवा शिजवून खाल्ला जातो.

आता फ्लशची वाट. ही अवघड आहे, कारण इथे पाणी साठवावं लागतं आणि अंघोळीचं पाणी साठलेलं राहत नाही. त्यात साबण, मळ आणि अंगाचं तेल असतं. चोवीस तासांत जंतू त्यातला प्राणवायू संपवतात, पाणी करड्याचं काळं होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. टाकी मोठी घेतली की सोय होईल, असं वाटतं. इथे मोठी टाकी हीच अडचण आहे. आमची दिवसाची गरज ७५ लिटरची, म्हणून वरची टाकी शंभर लिटरचीच घेतली, मुद्दाम. तरीही पहिल्याच वर्षी आम्ही चार दिवस लग्नाला गेलो आणि परतल्यावर पहिल्या फ्लशबरोबर घरभर असा वास पसरला की शेजारी विचारायला आले. तेव्हापासून गावाला निघताना कुलूप लावण्याआधी त्या टाकीच्या तळाची तोटी उघडायची, हा नियम झाला.

गाळणीचा नमुना आम्हाला नागपूरहून मिळाला. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांच्या आश्रमशाळांत मुलांच्या अंघोळीचं पाणी गाळून संडासासाठी आणि परसबागेसाठी वापरून दाखवलं आणि २००७ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. पाणी नसल्यामुळे बंद पडणारे संडास चालू राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. पाणी आधी जाळीतून जातं, मग संथ होऊन गाळ खाली बसतो आणि मग खडी-वाळूच्या थरांतून गाळून ते साठवणीत येतं. घरासाठी आम्ही ते दोन ड्रमांवर आणलं. पहिल्या ड्रममध्ये पाणी तळाशी सोडलं आहे. ते खालच्या जाड आणि वरच्या बारीक खडीतून वर चढतं आणि काठावरून दुसऱ्या ड्रममध्ये पडतं. तिथून छोटा पंप ते संडासाच्या वरच्या टाकीत नेतो. पाणी खालून वर नेण्याचं कारण असं की गाळ तळाशी राहतो आणि तळाची तोटी उघडली की आठवड्यातून एकदा तो धुऊन निघतो. ही गाळणी केस, साका आणि गढूळपणा काढते. जंतू काढत नाही, हे लक्षात ठेवावं. खडी बुजत आली की पहिल्या ड्रमचं पाणी हळूहळू मागे चढतं आणि बाथरूमच्या जाळीवर अंघोळीनंतर पाणी रेंगाळतं. तीच खूण.

याच्यापुढे नळाच्या कामातली एक जागा आहे आणि माझ्या मते या पुस्तिकेतलं सर्वांत महत्त्वाचं पान तेच आहे. आपल्याकडे कमोडच्या शेजारी भिंतीतून एक तोटी निघते, तिला दोन तोंडं असतात. एका तोंडाला फ्लशच्या टाकीची नळी, दुसऱ्याला धुण्याच्या फवाऱ्याची. कारागिराच्या हाताला हेच वळण असतं. आमच्याकडेही वापरलेल्या पाण्याची नवी लाइन त्याने याच तोटीला जोडली. फ्लश झकास चालू झाला आणि अंग धुण्याच्या फवाऱ्यातून आदल्या दिवशीचं अंघोळीचं पाणी यायला लागलं. पाणी गाळलेलं, त्यामुळे दिसायला बरं. तिसऱ्या दिवशी घरातल्या लहान मुलीने वास ओळखला. कारागिराची चूक म्हणावी तर त्याला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. फवाऱ्याची तोटी ताज्या पाण्यावरच राहिली पाहिजे आणि फ्लशसाठी एक तोंडाची वेगळी तोटी, वेगळ्या पाइपावर, हवी. तो पाइप जांभळा रंगवावा, जगात बऱ्याच ठिकाणी वापरलेल्या पाण्याची हीच खूण आहे. उद्या दुसरा कारागीर भिंत फोडेल तेव्हा त्याला बोलणारा कुणी नसेल, रंग असेल.

दुसरी जागा भर घालण्याची. कधी अंघोळीचं पाणी कमी पडतं आणि फ्लशच्या टाकीत ताजं पाणी सोडावं लागतं. दोन्ही लाइनी मध्ये व्हॉल्व्ह टाकून जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्याकडे नळाला चोवीस तास दाब नसतो आणि पाणी येण्याच्या वेळी गल्लीत टिल्लू पंप सुरू होतात. रिकाम्या लाइनीवर पंप ओढू लागला की जे हाताला लागेल ते तो ओढतो. एखादा गळका व्हॉल्व्ह असेल तर तुमच्या फ्लशचं पाणी शेजाऱ्याच्या माठात जाईल. म्हणून ताज्या पाण्याचा नळ टाकीच्या काठाच्या वर, तीन-चार बोटं हवेचं अंतर ठेवून सोडावा. मध्ये हवा असली की पाणी उलटं जात नाही. याहून भरवशाचा व्हॉल्व्ह नाही.

काम संपल्यावर परीक्षा घ्यायची, तिला लागते फक्त कपड्यांची नीळ. फ्लशच्या वरच्या टाकीत ती दाट कालवायची आणि घरातली प्रत्येक तोटी, प्रत्येक फवारा, स्वयंपाकघरातला नळसुद्धा, पाच मिनिटं सोडून पाहायचा. कमोडशिवाय कुठेही निळं दिसलं तर जोड चुकला आहे. हीच नीळ दुसरंही सांगते. अंघोळीच्या पाण्याचा बुळबुळीत थर फ्लशच्या रबरावर बसतो आणि रबर नीट टेकत नाही. पाव तास कुणी फ्लश न करता कमोडमध्ये निळी रेघ उतरली तर टाकी गळते आहे आणि वाचवलेलं पाणी गुपचूप वाहून जातं आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका जास्त होतो, म्हणून अशा घरी दर दोन महिन्यांनी रबर आणि बॉल कॉक पुसावा लागतो. एवढं करण्याची तयारी नसेल तर फ्लशच्या वाटेला जाऊ नये. संडासाबाहेर झाकणाची छोटी टाकी, तिला खाली तोटी आणि बादलीने पाणी टाकणं, यानेही काम होतं. ज्यांच्याकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे त्यांना तेच योग्य. तिथे एका वेळी दीड-दोन लिटर पुरतात आणि जास्त पाण्याने खड्डाच लवकर भरतो.

शेवटी पुन्हा मातीकडे यावं लागतं. आमचं सगळं काम बसवून झालं, पहिला पावसाळा गेला आणि दिवाळीला बागेचं पाणी बंद पडलं. खणून पाहिलं तर जोत्यातून पाइप बाहेर पडतो तिथला चिकटवलेला जोड तडकला होता आणि पुढचा पाइप मध्ये वर उचलला गेला होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर जागेवर राहतं. घर आणि माती यांच्या ओढाताणीत सापडतो तो पाइप. आता तिथे रबर रिंगचा जोड आहे, जो बोटभर सरकू शकतो. पाइपाखाली आणि बाजूंनी फूटभर रुंद मुरूम भरला आहे आणि चेंबर काँक्रीटच्या थरावर बसवलं आहे. उतार टिकला का ते पाहायला दर पावसाळ्यानंतर बाथरूममध्ये एक बादली ओततो आणि बागेच्या तोंडाशी पाणी यायला किती वेळ लागतो ते मोजतो. वेळ वाढला की पाइप कुठेतरी हलला.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची अट आहे, पण ती मोठ्या संकुलांसाठी, मोठ्या हॉटेलांसाठी. नांदगावातल्या पाच माणसांच्या घराला कुठलाही नियम हे करायला लावत नाही. त्यामुळे ही पुस्तिका नियमाचा धाक दाखवत नाही. तिची मागणी एकच आहे आणि ती घर पुरं होण्याआधीची आहे. फरशी टाकण्याच्या आदल्या दिवशी कारागिराला सांगा की कमोडचा ११० मिलिमीटरचा पाइप वेगळा आणि बाथरूमचा ७५ मिलिमीटरचा वेगळा, दोन्ही भिंतीबाहेर स्वतंत्र निघू देत. दोन-चार मीटर जास्तीचा पाइप आणि भिंतीत एक जास्तीचं भोक, एवढाच खर्च. बाग आज करा, फ्लश दहा वर्षांनी करा, किंवा काहीच करू नका. पण पाइप वेगळे असले तर निवड तुमच्या हातात राहते. एकत्र गेले तर पुढे प्रत्येक गोष्टीसाठी फरशी फोडावी लागते आणि बसवलेली फरशी कुणी फोडत नाही.

आमच्या न्हाणीमागे आता पुन्हा एक केळ आहे. पाइप कुठे संपतो ते तिच्या पायाशी असलेल्या चपट्या दगडावरून कळतं. पुढच्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते, तो दगड उचलून.

नांदगाव खंडेश्वर